दोघांचं एक कार्यालय : वाद घरी नेऊ नयेत म्हणून

नवरा-बायको एकाच कार्यालयात काम करतात तेव्हा त्यांच्यात एकाच वेळी तीन नाती नांदत असतात. ते घरचे असतात, व्यवसायाचे मालक असतात आणि टेबलाला टेबल लावून बसणारे सहकारीही असतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधल्या रेनातो टागियुरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७८ मध्ये कौटुंबिक व्यवसायांसाठी एकमेकांना छेदणाऱ्या तीन वर्तुळांची मांडणी केली. कुटुंब, मालकी आणि व्यवसाय ही ती तीन वर्तुळं. बरेचसे वाद एका वर्तुळातला प्रश्न दुसऱ्या वर्तुळाच्या भाषेत मांडल्यामुळे चिघळतात. ‘हे विवरणपत्र उशिरा का गेलं’ हा कामाचा प्रश्न आहे. ‘तुम्हाला माझी किंमतच नाही’ हा नात्याचा आहे. पहिल्याचं उत्तर कागदावर सापडतं, दुसऱ्याचं सापडत नाही.

तालुक्याच्या गावातल्या करसल्लागार दांपत्याचं उदाहरण घेता येईल. कार्यालयात दोघं आणि दोन सहायक. पत्नीकडे जीएसटीचं काम, पतीकडे प्राप्तिकर आणि अशिलांच्या गाठीभेटी. मासिक जीएसटीआर-३बी विवरणपत्राची मुदत पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत असते आणि खरेदीवरच्या कराची वजावट तपासण्यासाठी लागणारं जीएसटीआर-२बी १४ तारखेला तयार होतं. म्हणजे खरी धावपळ मधल्या सहा दिवसांत होते. १९ तारखेला संध्याकाळी एक जुना अशील पिशवीभर बिलं घेऊन येतो. पती त्याला चहा देतो आणि ‘उद्या करून टाकू’ असा शब्द देतो. पत्नीच्या टेबलावर आधीच अकरा जणांचं काम पडलेलं असतं. ती सहायकांसमोरच म्हणते, ‘करायचं कुणी?’

इथपर्यंत हा निव्वळ कामाच्या वाटणीचा प्रश्न आहे. रात्री जेवताना तोच विषय निघतो आणि ‘तुम्ही नेहमीच असं करता’ या वाक्याबरोबर त्यात दिवाळीत माहेरी न जाणं, सासूबाईंच्या औषधांना झालेला उशीर असं सगळं येऊन मिळतं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ‘सरांना सांग, फाइल झाली,’ ‘मॅडमना विचार, चलन भरलं का,’ असे निरोप सहायकामार्फत जातात. वादानं हद्द ओलांडल्याची ही सर्वांत स्पष्ट खूण. आणखी दोन खुणा आहेत. एक, तक्रारीत तारीख आणि फाइल यांच्या जागी ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द येतात. दुसरी, सहायक एखादी अडचण दोघांपैकी ज्याचा मूड बरा असेल त्यालाच सांगू लागतात. मग एकाच कामाबद्दल दोन वेगळ्या सूचना निघतात आणि चूक अशिलाच्या विवरणपत्रात उतरते.

या प्रसंगात दुरुस्त करायची गोष्ट स्वभाव नव्हे, शब्द देण्याचा अधिकार आहे. ज्याच्याकडे काम, त्यानंच तारीख द्यायची, हा नियम एकदा ठरला की पतीचं उत्तर बदलतं : ‘बिलं ठेवून जा, मॅडम बघून तारीख सांगतील.’ त्याच्या जोडीला अशिलांसाठी एक मुदत लागते. उदाहरणार्थ, बिलं १० तारखेच्या आत यावीत. त्यानंतर आलेली बिलं आधीच्यांचं काम संपल्यावर घेतली जातील आणि उशीर झाल्यास विलंब शुल्क व थकलेल्या करावरचं वार्षिक १८ टक्के व्याज अशिलाला भरावं लागेल. ही सूचना छापून भिंतीवर लावली की नकार देण्याचं ओझं दोघांपैकी एकावर पडत नाही.

कामं वाटली तरी काही निर्णय सामाईक राहतातच : नवा सहायक नेमणं, फी वाढवणं, बुडवणाऱ्या अशिलाला सोडणं. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर नेहमीच्या कामकाजातले मतभेद भागीदारांच्या बहुमतानं सुटतात. भागीदार दोनच असले तर बहुमत होऊच शकत नाही. म्हणून करारातच लिहून ठेवणं श्रेयस्कर. जीएसटीच्या बाबतीत पत्नीचा शब्द अखेरचा, प्राप्तिकराच्या बाबतीत पतीचा, ठरावीक रकमेवरच्या खर्चाला दोघांची सही, आणि तरीही अडलं तर दोघांना मान्य असलेल्या व्यवसायातल्याच एखाद्या ज्येष्ठाचं मत. हा ज्येष्ठ शक्यतो नात्यातला नसावा. सासरे किंवा भाऊ मध्यस्थ झाले की कार्यालयातला प्रश्न आपोआप घरातला होतो.

पैशाबाबतही असाच स्पष्टपणा हवा. पत्नी दिवसभर राबते, पण तिच्या नावावर स्वतंत्र रक्कम जमा होत नाही, ही कुरकुर अनेक दांपत्यांच्या भांडणामागे असते. भागीदारी असेल तर दोघांचा मोबदला आणि नफ्यातला वाटा करारात लिहावा लागतो. पतीचा एकट्याचा व्यवसाय असून पत्नी पगारावर असेल तर प्राप्तिकराचा एक नियम लक्षात ठेवावा लागतो. पत्नीकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल, तर तिचा पगार पतीच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. शिवाय नातेवाइकाला बाजारभावापेक्षा फार जास्त पगार दिला, तर जादा रक्कम खर्च म्हणून नाकारली जाऊ शकते. म्हणून ‘घरातलाच पैसा, काय फरक पडतो’ हे उत्तर कायद्यालाही पटत नाही.

बोलण्याची वेळ आणि जागा ठरवणं हा यातला सर्वांत साधा, पण मोडायला सर्वांत सोपा नियम. कामाचं घरी काहीच बोलायचं नाही, अशी शपथ दोन दिवसांत मोडते, कारण अशिलाचा फोन रात्री नऊलाही येतो. त्यापेक्षा आलेला विषय वहीत टिपून ठेवायचा आणि सकाळी सहायक येण्याआधीच्या अर्ध्या तासात काढायचा, हे जमण्याजोगं आहे. त्या अर्ध्या तासात एक विषय, एक फाइल आणि शेवटी कुणी काय करायचं याची एक ओळ. सहायकांसमोर ‘अहो’ आणि ‘अगं’ ऐवजी ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणण्याची अनेक कार्यालयांतली रीतही इथे उपयोगी पडते, कारण बोलणारा आत्ता कुठल्या नात्यानं बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला आणि त्याला स्वतःलाही कळतं.

वडील-मुलगा, दोन भाऊ किंवा सासरे-सून एकत्र असतील तर अडचण थोडी बदलते. तिथे बरोबरीचा नसलेला मान आड येतो. वडिलांची चूक मुलानं सहायकांसमोर दाखवली तर ती उद्धटपणा ठरते, आणि न दाखवली तर चूक तशीच पुढे जाते. अशा वेळी तपासणीची यादी उपयोगी पडते. प्रत्येक विवरणपत्र दाखल होण्याआधी ते तयार न केलेल्या माणसानं ठरलेले मुद्दे तपासून सही करायची, मग ते थोरल्याचं असो की धाकट्याचं. दुरुस्ती यादीमुळे होते, त्यामुळे ती अपमान वाटत नाही.

मात्र काही वादांना या नियमांनी उतार पडत नाही. भांडण मुळात कामाचं नसेल, किंवा एकाला घरी बोलायचीच मुभा नसेल, तर कार्यालयातली वाटणी नुसती वरवरची राहते, आणि मग तोडगा समुपदेशकाकडे किंवा वेगळं काम करण्यात शोधावा लागतो. त्यासाठी भागीदारी करारात बाहेर पडण्याचं कलम सुरुवातीलाच असावं : किती दिवसांची सूचना द्यायची, कोणते अशील कुणाकडे जातील, जागा आणि नाव कुणाचं राहील, येणी कशी वाटायची. संबंध बरे असताना ही चार कलमं तासाभरात लिहून होतात. बिघडल्यावर ती वकिलांमार्फत ठरवावी लागतात.