साठ दिवसांच्या उधारीचा हिशेब

सोलापूर शालेय गणवेशांसाठी ओळखलं जातं. तिथला एक घाऊक व्यापारी डोळ्यांसमोर आणू. आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत, प्रश्न मात्र बाजारातला आहे. त्याची वर्षाची विक्री १ कोटी २० लाख रुपये, सगळी उधारीवर, मुदत ३० दिवसांची. लातूर, नांदेड, बीडकडचे दुकानदार त्याच्याकडून माल घेतात. ते म्हणतात, ‘शेठ, मुदत साठ दिवसांची करा, माल वाढवून उचलतो.’ व्यापाऱ्याचा अंदाज असा की मुदत दुप्पट केली तर विक्री २४ लाखांनी वाढून १ कोटी ४४ लाखांवर जाईल. मुदत द्यावी की नाही?

बी.कॉम.च्या किंवा सी.ए.च्या परीक्षेत ‘रिसीव्हेबल्स मॅनेजमेंट’ या नावाखाली हेच गणित येतं. विद्यार्थी ते आठ-दहा ओळींत सोडवतो. मला ते आवडतं, कारण त्या ओळींमागे दुकानदारीचे अनेक खरे पेच आहेत. पण उत्तर आलं की वही मिटायची सवय चुकीची आहे. उत्तरानंतरचेच प्रश्न जास्त मोलाचे असतात.

आधी पुस्तकी रीत पाहू. आपल्या व्यापाऱ्याच्या प्रत्येक रुपयाच्या विक्रीमागे ७५ पैसे माल, वाहतूक आणि पॅकिंगवर जातात. विक्री वाढली की हा खर्च वाढतो. गोदामाचं भाडं, मुनीम आणि नोकरांचे पगार असा १८ लाखांचा वार्षिक खर्च ठरलेला आहे, तो विक्रीबरोबर हलत नाही. म्हणून वाढीव २४ लाखांवर रुपयामागे २५ पैसे हाती उरतात, म्हणजे ६ लाख. गोदामभाडं जुन्याच विक्रीने भागवलेलं असल्याने ते पुन्हा वजा करायचं नाही. नवखे विद्यार्थी इथे एकूण नफ्याची टक्केवारी लावतात आणि गणित पहिल्याच पायरीवर बिघडतं.

आता मुदतीची किंमत. उधारीत व्यापाऱ्याचा पैसा अडकतो. तो किती, हे पाहताना बहुतेक पुस्तकं विक्रीची किंमत न धरता मालाचा आणि धंद्याचा खर्च धरतात. सध्याचा वर्षाचा खर्च ९० लाख अधिक १८ लाख, म्हणजे १ कोटी ८ लाख. ३६० दिवसांच्या वर्षात ३० दिवसांची उधारी म्हणजे ९ लाख सतत बाहेर. नव्या धोरणात खर्च १ कोटी २६ लाख आणि उधारी ६० दिवसांची, म्हणजे २१ लाख बाहेर. वाढ १२ लाखांची. या पैशावर १५ टक्के मिळाले पाहिजेत असं व्यापाऱ्याने ठरवलं आहे, तेव्हा वर्षाला १ लाख ८० हजार गेले. बुडीत रक्कम आधी विक्रीच्या एक टक्का होती, ती दोन टक्के होईल असं धरू. १ लाख २० हजारांची ती २ लाख ८८ हजार झाली, म्हणजे आणखी १ लाख ६८ हजारांचा फटका.

सहा लाखांतून हे दोन्ही वजा केले की २ लाख ५२ हजार उरतात. उत्तरपत्रिकेत शेवटची ओळ येते : ‘धोरण स्वीकारावं.’

आता त्या १२ लाखांची फोड करू. वाढीव मालावरचा खर्च १८ लाख, ६० दिवसांना त्याचे ३ लाख अडकतात. उरलेले ९ लाख कुठे गेले? ते जुन्याच गिऱ्हाइकांकडे. ते पूर्वीइतकाच माल घेतात, पण पैसे आता एक महिना उशिरा देतात. म्हणजे नवी विक्री मिळवण्यासाठी गुंतलेल्या पैशाचा तीन चतुर्थांश भाग अशा लोकांना मिळाला, ज्यांनी एक गणवेशही जास्त विकत घेतला नाही. बाजारात मुदतीची बातमी लपत नाही. एकाला साठ दिवस दिले की बाकीचे मागतात आणि नाही म्हणणं जड जातं. म्हणून मुदत वाढवायचा विचार करताना नव्या विक्रीपेक्षा जुन्या विक्रीचा आकार आधी पाहावा. जुनी विक्री जितकी मोठी, तितकी सवलत महाग.

बुडीत रकमेचंही तसंच. एक टक्क्याचे दोन टक्के झाले हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण जुनी गिऱ्हाइकं आजच्याइतकीच, एक टक्क्यानेच, बुडवणार असतील, तर वाढलेले १ लाख ६८ हजार पूर्णपणे नव्या २४ लाखांतून बुडाले. म्हणजे नव्या विक्रीतले सात टक्के. सरासरीने हा आकडा झाकला. नवं गिऱ्हाईक मुदतीसाठी आपल्याकडे का आलं, हे विचारलं तर नवल वाटणार नाही. अनेकदा आधीच्या घाऊकवाल्याने त्याला माल देणं थांबवलेलं असतं.

यानंतरचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. साठ दिवस हे बिलावर छापलेले दिवस. वसुली त्या दिवसांत होते का? समजा ती प्रत्यक्षात ९० दिवसांनी झाली. मग १ कोटी २६ लाखांच्या खर्चातले ३१ लाख ५० हजार बाहेर राहतील, म्हणजे आजच्यापेक्षा साडेबावीस लाख जास्त. त्यावरचे १५ टक्के होतात ३ लाख ३७ हजार ५००. पैसे लांबतात तिथे बुडण्याचं प्रमाणही वाढतं. ते तीन टक्के झालं तर वाढीव बुडीत ३ लाख १२ हजार. सहा लाखांतून दोन्ही वजा केले की ४९ हजार ५०० रुपयांचा तोटा. विक्री ठरल्याप्रमाणे वीस टक्के वाढली, तरी तोटा. आणि वसुलीसाठी महिना वीस हजारांवर एक माणूस ठेवावा लागला, तर सगळं सुरळीत चालूनही त्या २ लाख ५२ हजारांतले फक्त बारा हजार उरतील.

व्यापाऱ्याची दुसरी बाजूही आवळलेली असते. गणवेश शिवणारे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योजक असतील, तर २००६च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आयकरातही तरतूद आली. मुदत टळली, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजावटीस मिळतो. घाऊक विक्रेत्याला मात्र स्वतःच्या येण्यासाठी या मुदतीचा आधार मिळत नाही, कारण हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. पंचेचाळीस दिवसांत द्यायचे आणि नव्वद दिवसांनी घ्यायचे, मधली फट कॅश क्रेडिटने भरायची, अशी त्याची स्थिती होते.

यावर व्यापाऱ्याचा नेहमीचा उपाय म्हणजे रोखीची सूट, बाजारात जिला सीडी म्हणतात. अट समजा अशी : दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट, नाहीतर साठ दिवसांत पूर्ण रक्कम. निम्म्या विक्रीचे दुकानदार सूट घेतील असं धरू. मग अर्धे पैसे दहाव्या दिवशी आणि अर्धे साठाव्या, सरासरी ३५ दिवस. सूट ७२ लाखांवर दोन टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार. खर्चाच्या पद्धतीने अडकलेली रक्कम २१ लाखांवरून १२ लाख २५ हजारांवर येते. सुटलेल्या पावणेनऊ लाखांवर १५ टक्क्यांनी १ लाख ३१ हजार २५० वाचतात. सूट जास्त, बचत कमी. १२ हजार ७५० रुपयांचा तोटा, म्हणून सूट नको.

पण इथे विक्री वाढलेली नाही, फक्त तेच पैसे लवकर येत आहेत. दुकानदार लवकर देतो ती पूर्ण बिलाची रक्कम, त्यातला केवळ खर्चाचा भाग नव्हे. सूट वजा जाता ७० लाख ५६ हजार रुपये पन्नास दिवस आधी हाती येतात. म्हणजे वर्षभर ९ लाख ८० हजार मोकळे, त्यावर १ लाख ४७ हजारांची बचत. आता तीन हजारांचा फायदा दिसतो. आकडे तेच, उत्तर उलटं. माझ्या मते सुटीच्या प्रश्नात ही दुसरी रीत खरी. खर्चाची रीत शोभते ती नव्याने विकलेल्या मालाला, कारण तिथे खिशातून खर्चच गेलेला असतो. परीक्षेत मात्र प्रश्नात सांगितलेली रीत वापरावी.

दुकानदाराच्या बाजूनेही पाहा. सूट नाकारून तो पन्नास दिवसांसाठी ९८ रुपयांवर दोन रुपये मोजतो, वर्षाला सुमारे १४.७ टक्के. बँक ज्याला ११ टक्क्यांनी पैसे देते, तो बँकेतून उचलून सूट घेईल. जो घेत नाही, त्याच्याकडे बहुधा बँकेची मर्यादा शिल्लक नसते, किंवा तो साठाव्या दिवशीही पैसे देणार नसतो. सूट नाकारणाऱ्यांची यादी म्हणूनच जपून वाचावी. उलट सूट घेणाऱ्यांत असेही असतात जे एरवीही पंधरा-वीस दिवसांत देतच होते. त्यांना दोन टक्के फुकट गेले. आणि काही जण पंचविसाव्या दिवशी पैसे पाठवतात, तरी दोन टक्के कापूनच. अशी एक कपात मान्य केली की दहा दिवसांची अट कागदावरच राहते.

तेव्हा सगळं गणित वसुलीच्या खऱ्या दिवसांवर येऊन ठेपतं आणि ते दिवस मोजण्यातही फसगत होते. गणवेशाचा हंगाम एप्रिल ते जूनचा. ३१ ऑगस्टला येणं १४ लाख आहे असं धरा. वर्षाच्या १ कोटी ४४ लाखांशी भाग दिला तर ३५ दिवस येतात आणि व्यापारी निश्चिंत होतो. तेच येणं बिलांच्या तारखेप्रमाणे मांडलं तर वेगळं दिसतं. ऑगस्टच्या ४ लाखांच्या बिलांतले ३ लाख येणे, जुलैच्या ६ लाखांतले ४ लाख येणे, जूनच्या २४ लाखांतले ७ लाख येणे. जूनच्या शेवटच्या बिलालाही ६२ दिवस झाले आहेत. म्हणजे निम्मं येणं मुदत उलटून गेलेलं आहे. त्या सात लाखांची नावनिशी यादी काढायची ती ३१ ऑगस्टलाच, दिवाळीच्या मालाच्या ऑर्डरी लागण्याआधी, आणि यादीतल्या दुकानदाराची पुढची ऑर्डर जूनचं बिल भागेपर्यंत रोखीवरच घ्यायची.