दस्तखत एकाचे, मसुदा दुसऱ्याचा

यंत्रलिखित मजकूर हुडकणारी साधने बहुधा पुढचा शब्द कितपत अपेक्षित होता हे मोजतात, आणि साहित्यचौर्य शोधणारी पूर्वप्रसिद्ध मजकुराशी जुळणी करतात. दुसऱ्यासाठी नव्याने लिहिणारा मनुष्य या दोन्ही चौक्या बिनदिक्कत ओलांडतो, कारण ‘हा मनुष्य कोणता’ हा सवाल तेथे विचारलाच जात नाही.

उदाहरणार्थ, १९५७ साली जॉन केनेडी यांच्या ‘प्रोफाइल्स इन करेज’ या ग्रंथास पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पत्रकार ड्रू पिअर्सन यांनी दूरचित्रवाणीवर खरा लेखक दुसराच असल्याचा आरोप केला, तेव्हा केनेडींनी स्वहस्ताची टिपणे हजर केली, त्यांचे साहाय्यक थिओडोर सोरेन्सन यांनी शपथेवर इन्कार केला व वाहिनीने आरोप मागे घेतला. २००८ च्या आत्मचरित्रात मात्र बहुतेक प्रकरणांचा पहिला मसुदा आपला होता, असे सोरेन्सन यांनी नमूद केले. प्रस्तावनेत त्यांचे आभार होते, हे खरे. पण आभार म्हणजे कर्तृत्वाची कबुली नव्हे, आणि मसुदा यंत्राचा असता तरी वाचकापासून दडलेली बाब हीच असती.

शब्दांच्या वारंवारितेवरून लेखक ओळखण्याची रीत आहे. येथे तिला केनेडी व सोरेन्सन या दोघांचेही निःसंशय स्वतःचे लेखन नमुन्यादाखल लागते, पण केनेडींची कित्येक भाषणेही सोरेन्सनच लिहीत.