उसण गेली, धास्ती राहिली

कमरेत उसण भरली की घरोघरी दोन वाक्यं ऐकू येतात: ‘वाकू नकोस’ आणि ‘जड उचलू नकोस’. पहिले काही दिवस हा सल्ला चालून जातो. आठ महिन्यांनीही कुणी तो पाळत असेल, तर मात्र दुखणं टिकण्यात त्या सल्ल्याचाच हात असू शकतो.

समजा, किराणा दुकान चालवणारे चाळिशीतले एक गृहस्थ आहेत. तांदळाचा ३० किलोचा कट्टा उचलताना कमरेत कळ आली आणि आठवडाभर अंथरूण धरावं लागलं. एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी जराशी फुगलेली दिसली आणि ‘गादी सरकलीय’ हे शब्द डोक्यात घट्ट बसले. आता खाली पडलेलं नाणं ते नोकराला उचलायला सांगतात. पट्टा निघतो तो फक्त झोपताना.

त्या रिपोर्टचं वजन उगाच जास्त धरलं जातं. कंबरदुखी नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांची गादी अशीच फुगलेली निघाली. शिवाय ताणलेले स्नायू आणि अस्थिबंध बहुधा काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत भरून येतात. तरी दुखतं, आणि ते दुखणं खरं असतं. इजेनंतर मज्जारज्जू आणि मेंदूतले वेदनेचे मार्ग हळवे होतात. एरवी जाणवलाही नसता असा ताण त्यांना धोक्याचा वाटू लागतो. धास्ती हा हळवेपणा टिकवून धरते.

हे हाताने तपासता येतं. निरोगी माणूस पूर्ण खाली वाकला की कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू शेवटी सैल पडतात. धास्तावलेल्या माणसाचे ताठच राहतात. तो श्वास रोखून, फळीसारखा वाकतो. मग ते आवळलेले स्नायूच दुखायला लागतात आणि ‘बघा, वाकलं की दुखतं’ हा समज पक्का होतो. पुढे वाकणंच बंद केल्यावर तो समज खोटा ठरायला वाव उरत नाही.

बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ योहान व्लायेन यांनी हे चक्र नेमकं मांडलं आणि त्यावर टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरं जाण्याची पद्धत बसवली. त्यात रोजच्या हालचालींचे फोटो दाखवून प्रत्येकीची धास्ती शंभरपैकी किती, हे विचारतात. आपल्या दुकानदाराची उतरंड अशी निघेल: नाणं उचलणं ३०, जमिनीवरून पाच किलो पीठ उचलणं ६०, कट्टा उचलून कंबर वळवत ठेवणं ९५.

पिठाच्या पिशवीपाशी फिजिओथेरपिस्ट आधी विचारतो, ‘उचललीत तर नेमकं काय होईल?’ उत्तर येतं, ‘कट्‌ असा आवाज होईल आणि पाय लुळा पडेल.’ याची खात्री किती? ८० टक्के. मग थेरपिस्ट स्वतः उचलून दाखवतो आणि दुकानदार उचलतात. पाय जागेवर असतो. खात्री पुन्हा विचारली जाते. तोच प्रयोग होत राहतो: सकाळी, घाईत, दुकानात आणि पट्ट्याशिवाय. खात्री बरीच खाली आली की पुढची पायरी.

इथे एक बारीक चूक सर्रास होते. पिशवी उचलली जाते, पण श्वास रोखून आणि एक हात टेबलावर ठेवून. मग मन म्हणतं, ‘हात टेकला म्हणून वाचलो.’ अशा उचलण्याने काहीच शिकायला मिळत नाही. ते आधार एकेक करून काढावे लागतात. दुसरी चूक उत्साहाची. बरं वाटलं त्या दिवशी दहा कट्टे रचायचे आणि नंतर दोन दिवस आडवं पडायचं. प्रयोगानंतर एक-दोन दिवस अंग दुखून ओसरलं, तर घाबरण्यासारखं काही नाही.

सुरुवातीआधी डॉक्टरांची तपासणी मात्र हवीच. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेच्या आतली बधिरता किंवा पायातली वाढती कमजोरी दिसली तर लगेच रुग्णालय गाठावं. ताप, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वीचा कॅन्सर किंवा मोठा अपघात असेल, तर आधी कारण शोधायचं आणि मग वाकण्याचं बोलायचं.

या पद्धतीने भीती आणि रोजच्या कामांतली अडचण बऱ्याच जणांची कमी होते. दुखणं तितकं कमी होईलच असं नाही. शिवाय जुनी धास्ती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवा अनुभव बसतो. वर्षभराने पुन्हा उसण भरली तर ती डोकं वर काढते. म्हणून सत्रं संपण्याआधीच ठरवून ठेवतात, की अशा वेळी दोन-चार दिवस भार हलका करायचा, पण नाणं स्वतःच उचलायचं.