शिक्षणाची पॉलिसी की एसआयपी? आधी विमा कुणाचा ते बघा

मुलांच्या शिक्षणाची विमा पॉलिसी घ्यायची ठरली की एजंट एक छापील तक्ता समोर ठेवतो. आई-वडिलांची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते, दहा वर्षांनी किती मिळणार तिथे. माझा आग्रह असा की आधी पहिलं पान उघडावं आणि विमाधारक म्हणून कुणाचं नाव लिहिलंय ते बघावं.

कमावणारा माणूस गेला तर मुलांचं शिक्षण अडू नये, म्हणून ही पॉलिसी घ्यायची. मग विमा आईच्या किंवा वडिलांच्या आयुष्याचा हवा. पण एलआयसीच्या ‘जीवन तरुण’सारख्या योजनेत विमाधारक मूल असतं आणि पालक नुसता प्रस्तावक. पालकाच्या मृत्यूनंतर पुढचे हप्ते माफ व्हायचे असतील, तर त्यासाठी ‘प्रीमियम वेव्हर बेनिफिट’ हा रायडर जादा पैसे भरून घ्यावा लागतो. तो घेतला नसेल तर वडील गेल्यावर त्याच पॉलिसीचे हप्ते आईला भरावे लागतात. दुसऱ्या प्रकारच्या योजनांमध्ये विमा पालकाचा असतो. तो गेला तर विम्याची रक्कम लगेच मिळते, उरलेले हप्ते माफ होतात आणि मुदतीअखेरची रक्कम ठरल्या वर्षी मुलाच्या हाती येते. शिक्षणाची पॉलिसी म्हणायची ती हीच, आणि एसआयपीशी तुलना करायची तीही हिच्याशीच.

नाशिकचं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. वडील ३६ वर्षांचे, खासगी नोकरी, मुलगी आठ वर्षांची. ती अठराची होईल तेव्हा कॉलेजच्या प्रवेशासाठी पैसे लागणार. महिन्याला १०,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,२०,००० बाजूला काढता येतात.

समजा पॉलिसी घेतली. दहा वर्षं हप्ता, विम्याची रक्कम १२ लाख आणि मुदतीअखेर १५ लाख ८५ हजार. भरलेले १२ लाख, मिळाले जवळपास १६ लाख, म्हणून सौदा बरा वाटतो. खरा परतावा काढायचा असेल तर एक्सेलमध्ये पहिल्या दहा ओळींत -120000 लिहा, अकराव्या ओळीत 1585000 लिहा आणि खाली =IRR(A1:A11) टाइप करा. उत्तर येतं वर्षाला पाच टक्के. पारंपरिक पॉलिसींचा परतावा साधारण चार ते सहा टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. एजंटने कितीही मोठा आकडा दाखवला तरी हे गणित घरी बसून पाच मिनिटांत होतं, आणि सही करण्याआधी ते केलंच पाहिजे.

आता दुसरी वाट. इथे बरेच सुशिक्षित लोकही चुकतात. पॉलिसी नको म्हणून ते सगळेच्या सगळे १०,००० रुपये एसआयपीत टाकतात. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी वडील गेले तर खात्यात जेमतेम चार लाख असतील आणि पुढचा हप्ता बँकेतून जायचा बंद होईल. नुसती एसआयपी ही शिक्षणाची तरतूद होत नाही. तिच्या जोडीला टर्म विमा हवाच, आणि त्याचा खर्च याच दहा हजारांतून वजा करून मग तुलना करायला हवी.

निर्व्यसनी, निरोगी माणसाला १ कोटीच्या टर्म विम्यासाठी महिन्याला हजार रुपये धरू. वय, तब्येत आणि मुदतीप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होईल. उरलेल्या ९,००० ची एसआयपी. सरासरी ९ टक्के मिळाले तर दहा वर्षांनी साधारण साडेसतरा लाख होतात. सहाच टक्के मिळाले तर पावणेपंधरा लाख, म्हणजे पॉलिसीपेक्षा कमी. पॉलिसीशी बरोबरी व्हायला सात टक्क्यांहून थोडं जास्त मिळावं लागतं. त्यात विकताना करही आहे. शेअर फंडात वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या युनिट्सवरचा नफा आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त असतो, त्यापुढे साडेबारा टक्के.

म्हणजे दहा वर्षांत एसआयपीचं पारडं जड आहे, पण फार नाही. मोठा फरक पडतो तो वडील नसतानाच्या परिस्थितीत. पॉलिसीतून १२ लाख लगेच आणि १५ लाख ८५ हजार नंतर मिळतात. टर्म विम्यातून १ कोटी लगेच मिळतो, त्यात शिक्षणही होतं आणि घरही चालतं. माझ्या लेखी हे कारण टर्म आणि एसआयपीची जोडी निवडायला पुरेसं आहे.

या वाटेवरचा खड्डा शेवटच्या तीन वर्षांत असतो. प्रवेशाची तारीख बाजार सावरेपर्यंत थांबत नाही. २०२० साली जानेवारी ते मार्च या दोन-अडीच महिन्यांत निफ्टी सुमारे ३८ टक्के घसरला होता. सतरा लाखांचे साडेदहा लाख व्हायला तेवढे दिवस पुरतात. म्हणून सातवं वर्ष संपलं की नवे हप्ते शेअर फंडात न टाकता अल्पमुदतीच्या डेट फंडात किंवा बँकेच्या आवर्ती ठेवीत वळवावेत. साठलेल्या रकमेचाही दरवर्षी साधारण एक तृतीयांश भाग तिकडे न्यावा. बाजार चढा असताना हे जिवावर येतं, तरीही करावं. वर ९ टक्के धरलेत ते हा सावधपणा गृहीत धरूनच. विक्री तीन आर्थिक वर्षांत विभागल्यामुळे सव्वा लाखाची सूटही तीनदा मिळते.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टातलं सुकन्या समृद्धी खातंही या सुरक्षित भागासाठी जमेस धरावं. मात्र अठराव्या वर्षी शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीपैकी निम्मीच रक्कम काढता येते, तेव्हा सगळी भिस्त त्यावर ठेवू नये.

पॉलिसी कुणाला योग्य? दिवाळीच्या खरेदीला किंवा नव्या गाडीला एसआयपी मोडण्याची ज्यांची सवय आहे, त्यांना. पॉलिसी मोडली तर नुकसान होतं, म्हणून ती सहसा मोडली जात नाही आणि पाच टक्क्यांनी का होईना पैसा उभा राहतो. पण हप्ते भरायची खात्री नसेल तर ती सगळ्यात महाग पडते. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर पॉलिसी बंद पडते किंवा कमी रकमेवर येते. पालकाच्या मृत्यूनंतर हप्ते माफ होण्याचा जो लाभ, त्यासाठी पॉलिसी चालू असावी लागते. नोकरी गेली, हप्ता चुकला आणि त्याच काळात माणूस गेला, तर जिच्यासाठी पॉलिसी घेतली तिलाच त्या लाभाला मुकावं लागतं.

नुकतीच पॉलिसी घेतली असेल आणि पहिल्या पानावर विमाधारक म्हणून मुलीचंच नाव दिसलं, तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो. चार-पाच हप्ते भरून झाले असतील तर कंपनीकडून आजची सरेंडर रक्कम लेखी मागवावी. एक्सेलच्या पहिल्या ओळीत ती रक्कम आणि यंदाचा हप्ता मिळून वजा चिन्हासह लिहावा, पुढे उरलेले हप्ते आणि शेवटी मुदतीअखेरची रक्कम. आधी भरलेले पैसे या हिशेबात धरायचे नाहीत. पुढच्या वर्षांचा परतावा सहा-सात टक्के निघाला तर पॉलिसी चालू ठेवावी आणि टर्म विमा वेगळा काढावा. तो बँकेच्या ठेवीहूनही कमी निघाला तर बाहेर पडावं, मात्र टर्म विमा मंजूर होऊन हातात आल्यावरच.