फेसबुक कंपनी ‘मेटा’ का झाली?

28 ऑक्टोबर 2021 रोजी ‘कनेक्ट’ या वार्षिक कार्यक्रमातल्या ऑनलाइन भाषणात संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी फेसबुक कंपनीचे नाव बदलून ‘मेटा’ केल्याचे जाहीर केले. नाव बदलले ते कंपनीचे. फेसबुक हे ॲप, तसेच इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप, जुन्याच नावांनी चालू राहिले. एकाच नावाची कंपनी आणि ॲप असल्यामुळे होणारा गोंधळ हाच भाषणातल्या युक्तिवादाचा पहिला धागा होता.

फेसबुकची सुरुवात 2004 मध्ये झाली. कंपनीने 2012 मध्ये इन्स्टाग्राम विकत घेतले, तर 2014 मध्ये व्हॉट्सॲप आणि डोळ्यांवर चढवायचे आभासी वास्तवाचे हेडसेट बनवणारी ऑक्युलस ही कंपनी घेतली. या साऱ्यांवर ‘फेसबुक’ हीच पाटी होती. कंपनीची ओळख एकाच उत्पादनाशी इतकी घट्ट जोडली गेली आहे की, आज चाललेले सगळे कामही त्या नावात मावत नाही, मग पुढचे कसे मावणार, असे झुकरबर्ग यांचे म्हणणे होते. लोक आपल्याला समाजमाध्यम कंपनी समजतात. पण आपला मूळ पिंड माणसांना जोडणारे तंत्रज्ञान घडवण्याचा आहे, असेही त्यांनी सांगितले.

दुसरा धागा भविष्याचा होता. ‘मेटाव्हर्स’ म्हणजे पडद्यावर नुसते पाहण्याऐवजी जिच्या आत शिरून वावरता येईल अशी त्रिमितीय आभासी दुनिया. नील स्टीफन्सन यांच्या 1992 मधल्या ‘स्नो क्रॅश’ या विज्ञान कादंबरीतून हा शब्द रूढ झाला. कंपनीचा भर यापुढे आधी मेटाव्हर्सवर असेल, फेसबुकवर नव्हे, असे झुकरबर्ग यांनी जाहीर केले. दहा वर्षांत मेटाव्हर्स शंभर कोटी लोकांपर्यंत पोहोचेल, अशी आशा त्यांनी व्यक्त केली.

नावाचा अर्थ सांगताना त्यांनी आपल्या अभिजात भाषांच्या अभ्यासाचा दाखला दिला. ‘मेटा’ हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘पलीकडे’ असा होतो आणि उभारण्यासारखे काहीतरी नेहमीच शिल्लक असते याचे तो प्रतीक आहे, असे ते म्हणाले. प्राचीन ग्रीकमध्ये या शब्दाचे नेहमीचे अर्थ ‘सोबत’ आणि ‘नंतर’ असे आहेत. ‘पलीकडे’ ही छटा मुख्यतः ‘मेटाफिजिक्स’सारख्या शब्दांतून पुढे रुळली. नव्या बोधचिन्हात अनंताच्या खुणेसारखा वळणदार फास घेतला गेला आणि त्यात ‘एम’ हे अक्षरही दिसते.

भाषणाची वेळही लक्षात घ्यावी लागते. कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी उघड केलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून त्याच महिन्यात अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष झाली होती. किशोरवयीन मुलांवर इन्स्टाग्रामचा होणारा परिणाम आणि द्वेषपूर्ण मजकूर हे त्यातले मुद्दे होते. त्यामुळे बदनाम झालेले नाव मागे सारण्यासाठी हा बदल केला, अशी टीका झाली. झुकरबर्ग यांनी मुलाखतींमध्ये हा संबंध नाकारला.

अशा भाषणात अर्थ सांगणारी वाक्ये आणि पडताळता येणारी आश्वासने वेगळी काढली, तर नाव कितपत खरे ठरले हे कळते. ‘पलीकडे’ हा अर्थ खरा की खोटा हे ठरवता येत नाही. मात्र कंपनीच्या इतर सेवा वापरण्यासाठी पुढे फेसबुक खाते लागणार नाही, हे आश्वासन ठोस होते. ऑक्टोबर 2020 पासून ऑक्युलसच्या नव्या ग्राहकांना हेडसेट वापरण्यासाठी फेसबुक खात्याची सक्ती होती आणि त्यावर ते नाराज होते. ऑगस्ट 2022 मध्ये स्वतंत्र ‘मेटा खाते’ सुरू झाले आणि ती सक्ती संपली. हिशेबही वेगळे झाले: ॲप्सचा एक विभाग आणि हेडसेट व आभासी जगाचे काम करणारा ‘रिॲलिटी लॅब्स’ हा दुसरा. 9 जून 2022 पासून शेअर बाजारातले ‘FB’ हे चिन्ह जाऊन ‘META’ आले.

स्वतंत्र हिशेबामुळेच नाव आणि प्रत्यक्ष धंदा यांतले अंतर आकड्यांत दिसू लागले. रिॲलिटी लॅब्सचा तोटा 2021 मध्ये सुमारे 10 अब्ज डॉलर होता, तो 2022 मध्ये 13 अब्जांच्या पुढे गेला. कंपनीचे जवळपास सगळे उत्पन्न मात्र ॲप्सवरच्या जाहिरातींतूनच येत राहिले. नोव्हेंबर 2022 मध्ये कंपनीने 11,000 हून अधिक कर्मचारी कमी केले. अनेक उत्पादनांना सामावून घेणारी पाटी म्हणून ‘मेटा’ हे नाव उपयोगी पडले; ज्या दुनियेवरून ते घेतले, ती मात्र त्यानंतरही तोट्यातच राहिली.