साहेब फक्त ‘मंजूर’ लिहितील असा ईमेल

मंत्रालयातली जुनी टिप्पणी कोणी वाचली असेल तर तिचा शेवट आठवेल. चार-पाच परिच्छेदांत पार्श्वभूमी, नियम, खर्च हे सगळं सांगून झालं की शेवटी यायचं, ‘सबब, परिच्छेद ४ मधील प्रस्तावास मान्यता असावी. आदेशार्थ सादर.’ त्याखाली सचिव एकच शब्द लिहीत आणि सही करत. त्या एका शब्दावर पैसे खर्च होत, माणसं बदलीवर जात, रस्ते होत. सरकारी भाषेची आपण कितीही थट्टा केली तरी त्या रचनेत एक हुशारी होती. सही करणाऱ्याला स्वतः वाक्य रचायची गरजच उरत नसे. आदेशाचं पूर्ण वाक्य खालच्या माणसानं लिहून ठेवलेलं असे आणि वरच्यानं त्याला फक्त होकार द्यायचा असे.

कागदाची फाइल गेली, ईमेल आला आणि ही हुशारी तेवढी मागे राहिली. आज वरिष्ठांना जाणारे बहुतेक मेल ‘तरी याबाबत योग्य ते मार्गदर्शन करावे ही विनंती’ असे संपतात. आता याला ‘हो’ म्हटलं तर कशाला हो? मार्गदर्शन करतो, याला? मेल वाचणारा मग ‘बोलू’ असं उत्तर पाठवतो किंवा काहीच पाठवत नाही, आणि लिहिणारा आठवडाभर साहेबांच्या नावानं बोटं मोडतो.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण आपल्याकडच्या कुठल्याही दूध डेअरीत घडेल असं आहे. एका खासगी डेअरीच्या शीतकरण केंद्रात रोज सुमारे १० हजार लिटर दूध येतं. ते ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून टँकरनं पुढे पाठवलं जातं. वीज गेली की जनरेटर लागतो, कारण उन्हाळ्यात थंड न केलेलं दूध काही तासांतच आंबू लागतं. इथला जनरेटर जुना झाला आहे आणि मे महिन्यात तो दोनदा बंद पडला. केंद्र व्यवस्थापकाला २ लाख रुपयांपर्यंत खर्चाचे अधिकार आहेत. त्याला नवा जनरेटर हवा आहे, त्याची किंमत ८.४ लाख आणि मंजुरी कार्यकारी संचालकांची.

त्याचा पहिला मसुदा कसा असेल याची कल्पना करता येते. विषयाच्या जागी ‘जनरेटरबाबत’. सुरुवातीला ‘आदरणीय महोदय, सविनय नमस्कार, आपणास विदितच आहे की आपले केंद्र...’ मग जनरेटर कधी घेतला, कोणत्या वर्षी काय बिघडलं, मेकॅनिक काय म्हणाला, कोणत्या कंपनीनं कोणता दर दिला. सोबत पाच जोडपत्रं, आणि शेवटी ते मार्गदर्शन. यातली माहिती सगळी खरी आहे, मेहनतही दिसते. पण संचालक हा मेल टँकरच्या दरांवरची बैठक संपवून, लिफ्टची वाट बघत, फोनवर उघडणार आहेत. फोनवर मेलच्या यादीत विषयाचे पहिले पाच-सहा शब्द आणि मजकुराची पहिली ओळ दिसते. त्यांना दिसणार ‘जनरेटरबाबत’ आणि ‘आदरणीय महोदय, सविनय नमस्कार’. हा मेल संध्याकाळी निवांत वाचू, असं ते ठरवतील. ती निवांत संध्याकाळ येत नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

मेल लिहायची उलटी पद्धत इथे उपयोगी पडते. आधी उत्तर लिहायचं. संचालकांकडून नेमका कोणता शब्द आला म्हणजे आपण उद्या सकाळी ऑर्डर देऊ शकू? ‘मंजूर’. मग हा शब्द कोणत्या वाक्याखाली आला तर खरेदी विभाग आणि लेखा विभाग दोघेही शंका न काढता पुढे सरकतील? त्या वाक्यात वस्तू, रक्कम आणि कृती या तिन्ही गोष्टी हव्यात. ते वाक्य सापडलं की मेलचं मुख्य काम झालं, बाकीच्या ओळी त्या वाक्याला आधार देण्यापुरत्या. दुसरा मसुदा असा होतो:

विषय: मंजुरी हवी, गुरुवार दु. ४ : नवा जनरेटर ₹८.४ लाख

सर, नमस्कार.
शीतकरण केंद्रासाठी नवा ६२.५ केव्हीए जनरेटर ₹८.४ लाखांना (करांसह) खरेदी करण्यास मंजुरी द्यावी, ही विनंती. गुरुवारी दुपारी ४ पर्यंत ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ एवढे कळवले तरी पुरे.

कारण: जुना जनरेटर मे महिन्यात दोनदा बंद पडला. दुसऱ्या वेळी ६,२०० लिटर दूध गेले, नुकसान ₹२.१७ लाख.
पैसे: यंत्रसामग्रीच्या तरतुदीत ₹९.५ लाख शिल्लक. लेखा व्यवस्थापकांनी तपासले, त्यांची सहमती आहे.
मंजूर झाल्यास: शुक्रवारी ऑर्डर, १२ दिवसांत जनरेटर चालू.
नामंजूर झाल्यास: सोमवारपासून जुन्याची दुरुस्ती, ₹१.९ लाख, माझ्या अधिकारात. हमी तीन महिने.
विरुद्ध मुद्दा: मेकॅनिकच्या मते दुरुस्तीनंतर जुना वर्षभर चालू शकेल.
मुदत: निवडलेले दरपत्रक शुक्रवारी संपते.

तिन्ही दरपत्रके सोबत आहेत. निर्णयासाठी ती उघडण्याची गरज नाही.

हा मेल लिफ्ट येईपर्यंत वाचून होतो. पण तो नुसता छोटा आहे म्हणून चालत नाही. ‘सर, जनरेटर घेऊ का?’ हाही छोटाच मेल आहे आणि त्याला हमखास ‘बोलू’ असंच उत्तर येईल. वाचणाऱ्याच्या मनात जे प्रश्न उठणार त्यांची उत्तरं तिथेच आहेत, म्हणून त्याला थांबावं लागत नाही. हे प्रश्न माणसागणिक वेगळे असतात. काही संचालक आधी विचारतात की पैसे कुठून काढणार. काही विचारतात, लेखा विभागाला दाखवलंत का? काहींचा एकच प्रश्न असतो, आत्ताच का? आपल्या साहेबांनी मागच्या काही मेलना उत्तरादाखल कोणते प्रश्न विचारले ते एकदा काढून बघावं. त्यांनी जे पुन्हा पुन्हा विचारलं, त्याला पुढच्या मेलमध्ये एकेक ओळ मिळायला हवी. मंजुरीऐवजी प्रश्न परत आला, तर आपली नेमकी कोणती ओळ राहिली हे तो प्रश्नच सांगतो.

‘नामंजूर झाल्यास’ ही ओळ लोक सर्रास गाळतात. त्यांना वाटतं, नकाराची वाट आपणच कशाला दाखवा? पण ती ओळ नसली तर वरिष्ठाला नाही म्हणणं अवघड जातं, कारण नाही म्हटल्यावर काय होईल हे त्याला कळत नाही. नकार अवघड झाला म्हणून होकार सोपा होत नाही, फक्त निर्णय लांबतो. वरच्या मेलमध्ये संचालक डोळे उघडे ठेवून नाही म्हणू शकतात. १.९ लाखांत दुरुस्ती होईल, हमी तीन महिन्यांची आहे, जोखीम आपली, एवढं त्यांना समजलेलं असेल. मेकॅनिकचं मत देणारी ओळही त्यासाठीच. ती लपवली आणि सहा महिन्यांनी संचालकांच्या कानावर गेली, तर त्या व्यवस्थापकाचा पुढचा प्रत्येक मेल ते दोनदा वाचतील आणि जोडपत्रंही उघडतील.

या उदाहरणात आणखी एक गोम आहे. दुरुस्ती व्यवस्थापकाच्या स्वतःच्या अधिकारात बसते. वर लिहायचा कंटाळा, उत्तर येईल की नाही याची धास्ती, म्हणून अनेक ठिकाणी असा माणूस गुपचूप दुरुस्ती उरकून घेतो. मंजुरी मागणं जिथे जड जातं तिथे निर्णय बऱ्याचदा यंत्राची अवस्था बघून होत नाहीत, कोणाच्या सहीत किती रक्कम बसते हे बघून होतात.

भाषेची अडचण खरी आहे. मोठ्या माणसाला थेट ‘मंजुरी द्या’ म्हणणं आपल्याला उद्धट वाटतं, म्हणून आपण गोल फिरून येतो. पण आदर ‘सर, नमस्कार’ आणि ‘द्यावी, ही विनंती’ यांत पुरेसा येतो. घोळ होतो तो विनंती आठव्या परिच्छेदात ठेवल्यानं. हा रोग काही आपलाच नाही. ऑगस्ट १९४० मध्ये, ब्रिटनवर हवाई हल्ले चालू असताना, चर्चिलनं आपल्या मंत्र्यांना आणि खात्यांना एक पानभर सूचना धाडली. अहवाल फार लांब असतात, मुद्दे छोट्या ठसठशीत परिच्छेदांत द्या, आकडेवारी आणि तपशील परिशिष्टात टाका, असा तिचा आशय होता. युद्धाच्या धामधुमीत त्याला हे लिहावं लागलं, यावरून खात्यांची लेखणी किती सैल सुटली होती ते दिसतं.

मुदतीबद्दल मात्र सावध राहायला हवं. मुदतीला कारण हवं आणि ते खरं हवं. दरपत्रक शुक्रवारी संपतं हे खरं असेल तरच गुरुवार लिहावा. हल्ली काही जण ‘गुरुवारपर्यंत उत्तर न आल्यास मंजुरी गृहीत धरतो’ असं लिहितात. सभेची वेळ बदलणं, अहवालाचा नमुना ठरवणं अशा सहज मागे घेता येणाऱ्या आणि आपल्याच अधिकारातल्या गोष्टींत ते चालतं. ८.४ लाखांच्या खरेदीत अजिबात चालत नाही. तिथे मौन म्हणजे मंजुरी नव्हे, आणि ऑडिटर तर ती मुळीच मानणार नाही.

एका मेलमध्ये एकच निर्णय मागावा, हे सांगायला सोपं आणि पाळायला कठीण आहे. जनरेटरबरोबर ‘आणि रात्रपाळीला एक माणूस वाढवावा का’ हेही घातलं की ‘ठीक आहे’ हे उत्तर नेमकं कशाला आलं ते कोणालाच ठरवता येत नाही. मेल कोणाकोणाला पाठवायचा यातही हाच घोटाळा होतो. निर्णय घेणारा एकच, तर ‘प्रति’च्या जागी नाव एकच. तिथे तीन नावं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा उत्तर देईल. लेखा व्यवस्थापकांना प्रत जावी, पण त्यांची सहमती मेल पाठवण्याआधी घेतलेली असावी. नाहीतर तेच सगळ्यांना उत्तर पाठवून तरतुदीबद्दल शंका काढतात आणि संचालक शांतपणे बाजूला होतात.

प्रत्येक गोष्ट अशा मेलमधून विचारायची नसते. कोणाला कामावरून काढायचं असेल, मोठं नुकसान पहिल्यांदाच सांगायचं असेल किंवा आपलं स्वतःचंच मत अजून बनलेलं नसेल, तर फोन उचलावा किंवा केबिनचं दार वाजवावं. स्वतःची शिफारस नसताना हो-नाही विचारणं म्हणजे आपलं काम वर ढकलणं, आणि ते वरच्याच्या लगेच लक्षात येतं.

गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही, तर नवा मेल लिहू नये. त्याच मेलला उत्तर म्हणून पहिलंच वाक्य पुन्हा वर ठेवावं आणि ‘दरपत्रक उद्या संपते’ एवढं जोडावं. ‘स्मरणपत्र क्रमांक दोन’ असं काही नको. बऱ्याचदा मग फोनच येतो, ‘घेऊन टाका.’ अशा वेळी ऑर्डर देण्याआधी दोन ओळी पाठवाव्यात, ‘सर, आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे ₹८.४ लाखांच्या जनरेटरची ऑर्डर आज देत आहे.’ खरेदी विभागाला हाच मेल पुढे पाठवता येतो आणि त्यांना दुसरा कागद लागत नाही.