सोमवारची हवा

नाशिकजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात, डिझेलच्या पावत्या जिथे जमा करतात त्या खिडकीशेजारी, एक पानी नोटीस चिकटवलेली आहे. वर मराठी, खाली तोच मजकूर हिंदीत, कारण निम्मे ड्रायव्हर उत्तर प्रदेश-बिहारकडचे. ‘सर्व ड्रायव्हर बंधूंना कळविण्यात येते की’ अशी सुरुवात नेहमीचीच. पुढचा मजकूर मात्र नेहमीचा नाही. दर सोमवारी सकाळी, गाडी जागेवरून हलण्याआधी, सगळ्या टायरची हवा गेज लावून पाहायची आणि आकडा वहीत लिहायचा. ठोकून पाहिलेली हवा धरली जाणार नाही. आणि तिसऱ्या ओळीखाली लाल रेघ मारलेली: गरम टायरची हवा कोणत्याही कारणाने काढू नये.

या लाल रेघेवरूनच ऑफिसात पहिली कुरबुर झाली. एका जुन्या ड्रायव्हरनं मालकाला तोंडावर सांगितलं, ‘शेठ, दुपारी टायर दगडासारखा होतो. थोडी हवा सोडली नाही तर फुटेल की!’ हा समज त्याच्या एकट्याचा नाही. उन्हाळ्यात ढाब्यावर गाडी लावली की चाकाजवळ बसून फुस्स करून थोडी हवा सोडणारे ड्रायव्हर कुठल्याही महामार्गावर दिसतात. त्यांच्या दृष्टीनं ती काळजीच असते. प्रत्यक्षात नेमकी तीच गोष्ट टायरच्या जिवावर उठते.

हिशोब अवघड नाही. नाशिकहून नागपूरला माल घेऊन निघालेली दहा चाकी गाडी धरू. सकाळी २८ अंश तापमानात टायरमध्ये १२० पौंड हवा आहे. (गेजवरच्या पीएसआयला ट्रकवाले पौंडच म्हणतात.) समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर भर उन्हात काही तास पळाल्यावर टायरच्या आतली हवा ७० अंशांपर्यंत तापली, असं समजा. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. इथे तो १३८-१३९ पौंडांवर जाईल. ड्रायव्हर गेज लावतो, आकडा पाहून दचकतो आणि हवा सोडून काटा परत १२० वर आणतो. रात्री गाडी थांबते, टायर निवतो. पहाटे २५ अंशांत त्याच टायरमध्ये उरते जेमतेम १०२ पौंड. म्हणजे १५ टक्के हवा गेली, आणि ती कुणाच्या खिळ्यानं गेली नाही.

तापल्यावर दाब वाढणार, हे टायर बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं असतं. त्यांनी दिलेला आकडा थंड टायरचाच असतो. म्हणून नोटिशीत सकाळची वेळ आहे. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असायला हवी. गाडी बाहेरगावी असेल तर असेल तिथे, पण हलवण्याआधी. उन्हात एका अंगानं तापलेल्या गाडीचे त्या बाजूचे टायर जास्त आकडा दाखवतात, म्हणून ऊन चढण्याआधी.

आता पुढच्या दिवशीचं पाहू. हवा कमी झालेला टायर जमिनीशी जास्त दबतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजूची भिंत वाकते आणि सरळ होते. ट्रकचं चाक एका किलोमीटरला तीनशेहून अधिक फेरे घेतं. नाशिक-नागपूर सहाशे किलोमीटर धरले, तर पावणेदोन लाखांहून जास्त वेळा ही वाकवाकी झाली. पुन्हा पुन्हा वाकवलेली तार हाताला चटका देते, तसं रबर आणि आतल्या पोलादी तारा आतून तापतात. म्हणजे फुटण्याच्या भीतीनं हवा सोडली, त्यामुळे टायर जास्त वाकला, आणि जास्त वाकल्यामुळे जास्त तापला. रस्त्याच्या कडेला पडलेल्या रबराच्या लांबच लांब पट्ट्या पाहून लोक उन्हाला किंवा रिमोल्डला दोष देतात. पुष्कळदा खरा दोष कमी हवेचा असतो.

मालकानं हे सगळं नोटिशीत लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं असं वाटतं. ‘करू नये’ एवढ्यावर माणूस थांबत नाही, खासकरून ज्यानं तीस वर्षं उलटं केलं आहे तो. शेवटी मालकानं एक सोपी गोष्ट केली. परत आलेल्या एका गरम गाडीच्या एका टायरला सगळ्यांसमोर गेज लावलं, हवा तशीच ठेवली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा गेज लावलं. आकडा आपोआप खाली आलेला पाहून निम्मी कुरबुर थांबली.

उरलेली निम्मी ठोकण्यावरून होती. टॉमीनं चाक ठोकायचं आणि आवाजावरून हवा ओळखायची, ही ड्रायव्हरची जुनी विद्या. ती अगदीच खोटी नाही. पूर्ण बसलेला टायर तिच्यात लगेच कळतो. पण १२० आणि ९० यांतला फरक कानाला कळत नाही, आणि घोटाळा या दोन आकड्यांच्या मधेच असतो. त्यातून मागच्या जोडीतला आतला टायर. बाहेरच्याच्या आड तो दिसत नाही, ठोकायला टॉमी नीट पोचत नाही आणि गेज लावायला हात घालावा लागतो. म्हणून हवा पाहण्याच्या कामात सगळ्यात जास्त चुकवला जातो तो हाच. नोटिशीत त्याच्यासाठी वेगळी ओळ आहे: आतल्या टायरचा आकडा नसेल तर पान अपुरं समजलं जाईल. त्यासाठी प्रत्येक गाडीला लांब दांड्याचं, दोन्ही बाजूंनी लावता येणारं गेज दिलं आहे. ऑफिसात एक चांगलं गेज कपाटात जपून ठेवलेलं असतं. गाडीतलं गेज महिन्यातून एकदा त्याच्याशी ताडून पाहायचं, कारण टूलबॉक्समध्ये आपटून आपटून गेजही खोटं बोलू लागतं.

आतला टायर बसका असला तर गाडी चालते, हीच खरी अडचण. जोडीतला बाहेरचा टायर त्याचा भार उचलतो. स्टिअरिंगला काही जाणवत नाही. कमी हवेचा टायर मात्र भाराखाली आकारानं लहान होतो, आणि एकाच हबला बांधलेली दोन चाकं वेगवेगळ्या मापाची असली की त्यांतलं एक रस्त्यावर घासटत जातं. फार बसला तर दोन्ही टायरच्या फुगलेल्या भिंती एकमेकींना घासतात. एक टायर हवेअभावी तापतो, दुसरा ओझ्यानं. फुटतो बहुधा एक, पण आयुष्य दोघांचंही घटलेलं असतं.

वहीचा उपयोग इथे कळतो. समजा, डावीकडच्या पुढच्या जोडीतला आतला टायर. मालकानं टायर कंपनीच्या भारतक्त्यावरून या गाडीच्या मागच्या चाकांना ११५ पौंड ठरवले आहेत. पहिल्या सोमवारी ११४, दुसऱ्या सोमवारी १०९. ड्रायव्हरनं भरून ११५ केले. तिसऱ्या सोमवारी पुन्हा ११०. एकेक आकडा सुटा पाहिला तर कुणी काही म्हणणार नाही, ‘भरू थोडी’ म्हणून पुढे जाईल. पण धडधाकट टायरची हवा महिन्याभरात दोन-तीन पौंडच उतरते. आठवड्याला पाच उतरत असतील तर ती कुठून तरी निघते आहे. साबणाचं पाणी व्हॉलच्या तोंडाशी लावलं, बुडबुडे आले, आतली पिन बदलली, वर रबराची चकती असलेली धातूची टोपी लावली. काम संपलं. बुडबुडे तिथे आले नसते तर रिमच्या कडेला आणि नक्षीत खिळा शोधायचा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसून बसला तरी हवा एकदम जात नाही, दिवसेंदिवस झिरपत राहते. म्हणून वहीत भरण्याआधीचा आकडा लिहायचा, भरल्यानंतरचा नाही. बऱ्याच जणांनी पहिल्या आठवड्यांत सगळीकडे ११५ लिहून पान सुंदर केलं. मालकानं ती पानं परत दिली.

नोटिशीतला सर्वांत कडक नियम पाचवा आहे. ठरलेल्या हवेच्या वीस टक्के किंवा त्याहून जास्त हवा कमी निघाली, म्हणजे ११५ च्या जागी ९२ किंवा त्याखाली, तर तो टायर भरायचा नाही. काढायचा आणि टायरवाल्याकडून आतून तपासून घ्यायचा. वरवर हे विचित्र वाटतं. हवा कमी आहे, मग भरा! पण इतक्या कमी हवेवर भार घेऊन पळालेल्या टायरच्या भिंतीतल्या पोलादी तारा वाकून वाकून तुटायला आलेल्या असतात. बाहेरून टायर चांगला दिसतो. त्यात पुन्हा शंभर-सव्वाशे पौंड हवा कोंबली की तारा एकामागून एक तुटतात आणि भिंत चेन उघडावी तशी गोलाकार फाटते. जवळ बसून हवा भरणारा माणूस त्या झोतात सापडला तर वाचणं कठीण. ट्रकच्या टायरमध्ये पाण्याच्या बाटलीएवढी हवा नसते. म्हणून असा टायर तपासून झाल्यावरही लोखंडी पिंजऱ्यात ठेवून भरतात, व्हॉलला चिमट्यासारखी अडकणारी नळी लावतात आणि भरणारा बाजूला, टायरच्या भिंतीसमोरून दूर उभा राहतो. भरताना तडतड असा बारीक आवाज आला, किंवा भिंतीवर फुगवटा दिसला, तर तिथेच थांबायचं. महामार्गालगतच्या किती टपऱ्यांवर असा पिंजरा दिसतो? फार नाही. नोटिशीत म्हणून दोन ठरावीक दुकानांची नावं दिली आहेत आणि बिल ऑफिस भरेल असं स्पष्ट लिहिलं आहे.

पैशांचा उल्लेख तिथे आणखी एकदा येतो, आणि तो मालकाला उशिरा सुचला. बहुतेक ड्रायव्हरना खेपेप्रमाणे पैसे मिळतात. सोमवारची वीस-पंचवीस मिनिटं त्यांच्या दृष्टीनं फुकटची, आणि वहीत कमी आकडा लिहिला तर टायरची कापणी आपल्या पगारातून होईल ही भीती. ती असेपर्यंत वही खरं बोलणार नव्हती. आता नोटिशीत दोन वाक्यं वाढली आहेत: तपासणीचा वेगळा भत्ता मिळेल, आणि लिहिलेल्या आकड्यावरून कुणाचे पैसे कापले जाणार नाहीत. ती आल्यानंतर वहीत ९८ आणि १०१ असे आकडे दिसू लागले.

आठवड्याची ही पद्धत सगळं पकडत नाही. मंगळवारी खड्ड्यात आपटून रिम वाकली तर सोमवारची वही ते सांगणार नाही. म्हणून रोज निघताना चाकांभोवती एक फेरी आहेच, आणि थांब्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम भासलं तर त्याची नोंद करायची. हवा मात्र तिथे काढायची नाही.

शेवटचं कलम स्टेपनीचं. दहा चाकी गाडीत मोजायचे टायर दहा नव्हेत, अकरा. मागे ११५ आणि पुढे १२० लागतात, मग स्टेपनीत किती? मालकानं १२० ठरवले. रात्री घाटात मागचं चाक बदलावं लागलं तर पाच पौंड सोडायला मिनिटही लागत नाही, आणि स्टेपनी फिरलेली नसल्यामुळे ती थंडच असते. पुढचं चाक गेलं आणि हातात ११५ चीच स्टेपनी असली, तर वरचे पाच पौंड भरायला कसाऱ्यात कंप्रेसर शोधत बसावं लागेल.